रिपोर्ट यायच्या आधीच सलाईन का लागतं

"डॉक्टर, रोग कुठला ते तुम्हालाच अजून कळलेलं नाही, मग हे औषध कसलं लावलंय?" वॉर्डाच्या दारात उभा असलेला मुलगा हे विचारतो तेव्हा त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त असते. प्रश्न अगदी रास्त आहे. तापावर आधी रक्त तपासायचं आणि मग गोळ्या, हे आपण डॉक्टरांकडूनच शिकलो. मग मेंदूच्या एका आजारात आम्ही नेमकं उलटं का करतो, ते आज नीट सांगतो. त्यासाठी डिचोलीकडच्या एका घरात जाऊ. घर कुणा एकाचं नाही. चार-पाच कुटुंबांत जे पाहिलं ते एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेताने मांडतो आहे.

घरात चवथीची तयारी चालली होती. बाई बावन्न वर्षांच्या. सोमवारी संध्याकाळी ताप आला आणि डोकं दुखू लागलं. मंगळवारी गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं आणि मलेरिया-डेंग्यूसाठी रक्त पाठवलं. पावसाळ्यात गोव्यात कुठलाही डॉक्टर हेच करील आणि ते बरोबरच आहे. बुधवारी दुपारी माटोळीला बांधायची फळं ओसरीवर पसरली होती. रानातल्या प्रत्येक फळाचं नाव या बाईंना पाठ, सुना त्यांनाच विचारायच्या. त्या दिवशी सुपारीचा घड हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हे... ते वरचं... ते बांधायचं." नाव आलंच नाही. मग दोनदा विचारलं, "काय करपतंय?" चुलीवर काहीच नव्हतं. संध्याकाळी नवऱ्यावर उगीच ओरडल्या आणि थोड्या वेळाने आपण ओरडलो हेच विसरल्या.

घरातल्यांना वाटलं, ताप डोक्यात गेला. शेजारच्या एकीने घाड्याकडे न्यायचं सुचवलं. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू झटके देऊ लागली आणि मग सगळं अंग. १०८ बोलावली. जवळच्या दवाखान्यात आकडी थांबवायचं इंजेक्शन मिळालं आणि पहाटे चारला त्या बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, म्हणजे गोमेकॉत पोचल्या.

या कहाणीत डॉक्टरचे कान टवकारतात ते आकडीमुळे नव्हे. आकडी अनेक कारणांनी येते. कान टवकारतात ते सुपारीच्या घडामुळे आणि नसलेल्या करपट वासामुळे. कानाच्या आतल्या अंगाला मेंदूचा जो भाग असतो त्याला टेम्पोरल लोब म्हणतात. नावं आठवणं, नवी गोष्ट लक्षात ठेवणं, वास ओळखणं आणि राग-लोभ ताळ्यावर ठेवणं ही कामं बरीचशी तिथली. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते आणि शरीराची उजवी बाजूही डावा मेंदूच हलवतो. शब्द हरवले, खोटा वास आला, उजव्या बाजूने आकडी सुरू झाली. तीनही खुणा डाव्या टेम्पोरल लोबकडे बोट दाखवतात. आणि ताप असताना याच जागी घर करणारा म्हणून कुप्रसिद्ध असा एक विषाणू आहे, हर्पिस सिम्प्लेक्स. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा त्याचा पहिला प्रकार हे करतो. नवजात बाळांत दुसरा प्रकारही असतो, पण तो वेगळा विषय आहे.

हा विषाणू परका नाही. तापानंतर ओठाच्या कडेला जे बारीक पाण्याचे फोड येतात ते याचेच. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या कुणाच्या तरी मुक्यातून मिळालेला असतो. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. एवढ्या लोकांत असूनही तो मेंदूत शिरतो ते वर्षाला दहा लाखांत दोन ते चार जणांच्या. म्हणून ओठावर फोड आले की घाबरायचं काहीच कारण नाही. आणि फोड नाहीत म्हणून हा आजार नाही, असंही म्हणता येत नाही. या बाईंच्या ओठावर काहीच नव्हतं.

मेंदूत शिरल्यावर मात्र तो थांबत नाही. पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो, पेशी फोडून शेजारच्या पेशीत जातो. सूज येते, बारीक रक्तस्राव होतो आणि तो भाग अक्षरशः कुजत जातो. मेलेली मेंदूपेशी परत येत नाही. औषध फक्त पुढच्या पेशी वाचवतं. हा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे.

आता रुग्ण पहाटे चारला आला आहे आणि आपल्याला खात्री करून घ्यायची आहे. हातात काय आहे? रक्तातली साखर पाच मिनिटांत कळते, ती ठीक होती. मलेरियाची पट्टी अर्ध्या तासात कळते, तीही कोरी. सीटी स्कॅन झाला, तो नॉर्मल. इथे नातेवाइकांना हायसं वाटतं आणि इथेच त्यांना थांबवावं लागतं. या आजारात पहिल्या काही दिवसांत सीटी नॉर्मल येणं अगदी नेहमीचं आहे. सीटीचा त्या वेळचा खरा उपयोग म्हणजे गाठ किंवा मोठा रक्तस्राव नाही ना आणि पाठीतून पाणी काढणं सुरक्षित आहे ना, हे पाहणं.

पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की घरचे हमखास नाही म्हणतात. "त्याने माणूस लुळा पडतो म्हणतात." सुई कंबरेच्या खालच्या भागात घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो आणि तिथे पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात, ज्या सुईपुढून बाजूला सरकतात. त्यानंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. लुळं पडण्याची गोष्ट बहुधा मेंदूच्या आजारामुळेच आधीपासून लुळ्या पडत चाललेल्या रुग्णांवरून पसरली असावी. सहाच्या सुमारास पाणी काढलं. तासाभरात कळलं की त्यात ६० पांढऱ्या पेशी आहेत, बहुतेक लिम्फोसाइट. काही लाल पेशीही आहेत, प्रथिनं वाढलेली आहेत आणि साखर ठीक आहे. म्हणजे मेंदूला विषाणूची सूज असावी, इथपर्यंत आपण आलो. पण कोणता विषाणू?

गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर जपानी मेंदूज्वर असू शकतो. डेंग्यू कधीकधी मेंदूवर जातो. सत्तरीच्या रानालगत २०१५ पासून माकडताप माहीत आहे, पण त्याचा मोसम साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंतचा. क्षयाचा मेनिंजायटिस, म्हणजे क्षयामुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज, हीही डोळ्यांआड करता येत नाही. हर्पिसला मात्र मोसम नसतो. तो चवथीलाही येतो आणि शिमग्यालाही. विषाणू नक्की ओळखायचा तर त्या पाण्याची पीसीआर चाचणी लागते, म्हणजे विषाणूच्या डीएनएचा तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी. चाचणी फार चांगली आहे. पण नमुना कुठे जातो, मशीन कधी लागतं, यावर उत्तर काही तासांत येतं किंवा दोन-तीन दिवसांत.

त्या दोन-तीन दिवसांची किंमत काय? औषध नव्हतं तेव्हाच्या अभ्यासांत या आजाराचे दहापैकी सात रुग्ण दगावत. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत असायक्लोव्हिर, म्हणजे आज आम्ही सलाईनमधून लावतो तेच औषध, मिळालेल्यांत हे प्रमाण २८ टक्क्यांवर आलं. जुन्या औषधावर ते ५४ टक्के होतं. त्या चाचणीतली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तेव्हा पीसीआर नव्हती, खात्री करायची तर कवटीला भोक पाडून मेंदूचा तुकडा काढावा लागे. आजाराचा दाट संशय असलेल्या २०८ रुग्णांचा असा तुकडा काढला, तर हर्पिस निघाला फक्त ६९ जणांत. निष्णात डॉक्टरांचा दाट संशयसुद्धा तिघांपैकी एकाच वेळी खरा ठरला. याचा अर्थ डॉक्टर चुकले असा मी घेत नाही. खाटेशेजारी उभं राहून हा आजार ओळखताच येत नाही, असा घेतो. मग एकाला वाचवायचं तर तिघांना औषध द्यावं लागतं आणि आज आपण कमी संशयावरही सुरू करतो, म्हणून कदाचित दहांना.

नऊ जणांना विनाकारण औषध देणं परवडतं का? हे औषधाच्या स्वभावावर अवलंबून आहे. पेशी डीएनए विणते ती अबोलीची फाती विणल्यासारखी, एकेका फुलाचा देठ गाठीत धरून पुढचं फूल. असायक्लोव्हिर हे त्यातल्या एका फुलासारखं दिसणारं, पण देठ नसलेलं फूल. ते विणीत गेलं की पुढचं फूल बांधायला जागाच उरत नाही आणि फाती तिथेच तुटते. मग आपल्या निरोगी पेशींची फाती का तुटत नाही? कारण हे फूल बंद कळी म्हणून शरीरात जातं. ती पहिल्यांदा उघडणारं थायमिडिन कायनेज नावाचं विकर विषाणूकडे असतं. आपल्या पेशींचं विकर तिला जवळजवळ हात लावत नाही. जिथे विषाणू नाही तिथे कळी मिटलेलीच राहते आणि लघवीवाटे निघून जाते. विषाणूच स्वतःचं विष तयार करतो म्हणा ना. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, ते औषधं घडवण्याच्या नव्या तत्त्वांसाठी, आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर विभागून.

म्हणजे एका पारड्यात, हर्पिस नसताना दोन-तीन दिवस औषध मिळालं तर होणारा त्रास. दुसऱ्या पारड्यात, हर्पिस असताना दोन-तीन दिवस औषध न मिळाल्याने मरणारा मेंदू. दाखल झाल्यावर औषध सुरू व्हायला दोन दिवसांहून जास्त गेले तर परिणाम वाईट होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. शिवाय औषध सुरू केल्याने चाचणी बिघडेल ही भीतीही इथे नाही. औषधाने विषाणूची वाढ थांबते, पण त्याच्या डीएनएचे तुकडे पाठीच्या पाण्यात साधारण आठवडाभर सापडत राहतात. म्हणून पाठीचं पाणी लगेच काढता येत नसेल, मेंदूला सूज जास्त असेल किंवा रुग्ण दुसऱ्या गावाहून येत असेल, तर पाणी नंतर आणि औषध आधी. बाईंना साडेसहाला पहिली बाटली लागली. जिवाणूंचा मेनिंजायटिस नाही अशी खात्री होईपर्यंत सोबत सेफ्ट्रियाक्सोनही दिलं.

ती बाटली कशी लागते ते जवळून पाहा, कारण चुका इथेच होतात. डोस वजनावर ठरतो. किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. बाईंचं वजन ५० किलो, म्हणून ५०० मिलिग्रॅम. सिस्टर कुपीतली पांढरी पूड विरघळवते, १०० मिलीच्या सलाईनमध्ये मिसळते आणि थेंब असे लावते की बाटली संपायला पूर्ण तास लागावा. घाई केली तर औषध मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत स्फटिक होऊन बसतं आणि नळ्या तुंबतात. औषध खूप अल्कधर्मी असतं. सुई शिरेतून सरकली तर हात लाल होऊन सुजतो, कधी फोडही येतो. म्हणून हात दुखतोय असं रुग्ण म्हणाला, किंवा बोलू न शकणारा रुग्ण हात ओढून घेऊ लागला, तर लगेच सिस्टरला सांगायचं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. एमआरआयला नेलं म्हणून दोनची बाटली सहाला लागली, असं होऊ द्यायचं नाही. नातेवाइकांनी वेळ वहीत लिहून ठेवली तर मला आनंदच होतो.

"तीच गोळी ओठावरच्या फोडांना देतात ना? मग चवथीला आईला घरी नेऊ आणि गोळ्या देऊ?" मुलाने दुसऱ्या दिवशी विचारलं. तोंडाने घेतलेल्या गोळीतलं जेमतेम पाचवा हिस्सा औषध रक्तात पोचतं. रक्तातल्या औषधाचा साधारण निम्मा भाग मेंदूच्या पाण्यात जातो. ओठाच्या फोडाला तेवढं पुरतं, मेंदूला पुरत नाही. म्हणून सलाईन आणि तेही संपूर्ण १४ ते २१ दिवस. मधेच बरं वाटलं तरी गोळीवर उतरायचं नाही.

गुरुवारी दुपारी एमआरआय झाला. डावा टेम्पोरल लोब पांढरा फटफटीत, उजवा जवळजवळ स्वच्छ. हे एका बाजूचं चित्र हर्पिसची मोठी खूण आहे. आणि शुक्रवारी संध्याकाळी पीसीआरचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह.

मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे नाही ना?" इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबतो. पाठीचं पाणी काढलं तेव्हा तापाला साठ तास झाले होते आणि शब्द हरवायला तर दिवसही नाही. पहिल्या तीन दिवसांत पाण्यात विषाणूचे तुकडे इतके थोडे असू शकतात की चाचणीला ते सापडत नाहीत. पाण्यात पेशी आहेत, एमआरआय बोट दाखवतोय, बाई अजून माणसं नीट ओळखत नाहीत. अशा वेळी एका निगेटिव्ह कागदावर औषध बंद करणं ही जिवाशी खेळणारी चूक आहे. औषध चालू ठेवलं आणि सोमवारी पुन्हा पाणी काढलं. या वेळी पॉझिटिव्ह.

मग बंद करायचं कधी? दुसरं कारण पक्कं सापडलं तर, समजा जपानी मेंदूज्वराची खात्रीशीर चाचणी आली तर, असायक्लोव्हिर थांबवतात. लक्षणं सुरू होऊन तीन दिवस उलटल्यावर काढलेल्या पाण्यात पीसीआर निगेटिव्ह आहे, त्यात पेशी नाममात्र आहेत, एमआरआय स्वच्छ आहे आणि माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, हे सगळं एकत्र असेल तरीही थांबवतात. यातलं एकच असेल तर नाही. संशयावर सुरू केलेलं औषध असं मोजून-मापून थांबवता येतं, म्हणूनच ते संशयावर सुरू करायची हिंमत होते.

बाईंना एक अडचण आली. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, ०.८ वरून १.५ वर गेलं. त्या धड जेवत-पीत नव्हत्या आणि लघवीही कमी झाली होती. औषध बंद केलं नाही. सलाईन वाढवलं, पण मेंदूला सूज असल्याने पाणी जास्त होणार नाही याचा हिशोब ठेवून. मूत्रपिंड औषध कमी वेगाने बाहेर टाकत होतं, म्हणून आठ तासांऐवजी बारा तासांनी डोस दिला. तीन दिवसांनी क्रिएटिनिन ०.९ झालं आणि डोस पुन्हा आठ तासांवर आला. हे वेळेत लक्षात आलं नसतं तर साठलेल्या औषधानेच बाई अधिक बरळू लागल्या असत्या, हातपाय झटकू लागल्या असत्या आणि आजार वाढला असं सगळ्यांना वाटलं असतं. म्हणून एक दिवसाआड रक्त आणि रोजच्या लघवीचं माप.

एकविसाव्या दिवशी औषध संपवण्याआधी पुन्हा पाणी तपासलं, विषाणू नव्हता. बाई चालत घरी गेल्या. सुपारी म्हणता येऊ लागलं, पण रानफळांची बरीच नावं अजून जिभेवर येत नाहीत आणि त्या वर्षीची चवथ त्यांना आठवतच नाही. लवकर औषध मिळूनही हे होतं, हे मी नातेवाइकांपासून लपवत नाही. १९८६ च्या त्या चाचणीत असायक्लोव्हिर मिळालेल्यांपैकी ३८ टक्केच पूर्ववत आयुष्यात परतले होते. औषध सुरू होताना ज्यांची शुद्ध चांगली होती आणि वय कमी होतं त्यांना जास्त फायदा झाला.

घरी जाताना मुलाच्या वहीत मी एक गोष्ट लिहून दिली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत आई पुन्हा विचित्र वागू लागली, झोप उडाली, तोंडाच्या किंवा हाताच्या विचित्र हालचाली होऊ लागल्या, तर ते अशक्तपणाचं म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी या. विषाणू गेल्यावर काही जणांत शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूच्याच एका प्रथिनावर उलटते. ते पुन्हा हर्पिस आहे की ही उलटलेली प्रतिकारशक्ती, हे पाठीचं पाणी तपासूनच कळतं आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.